पटावरची 58 नावं

आमची दहावीची बॅच मार्च 2005 ची. कराडपासून आठेक किलोमीटरवरची शाळा, एकच तुकडी, पटावर 58 नावं. 2025 मध्ये 26 ऑक्टोबरला, भाऊबीजेनंतरच्या रविवारी, आम्ही पुन्हा शाळेच्या प्रार्थना हॉलमध्ये जमलो आणि स्वागताचं भाषण मी केलं. भाषण आठ मिनिटांचं होतं. त्याची तयारी पाच महिने चालली आणि त्यातला बराचसा वेळ एकाच मिनिटापायी गेला. वर्गातले जे चारजण आता नाहीत, त्यांच्यासाठी सगळ्यांनी उभं राहायचं मिनिट.

मी तयारीला लागले तेव्हा नेटवर खूप शोधलं. शाळेच्या आठवणींची सुंदर वाक्यं हवी तेवढी मिळाली. पण गेलेल्यांची यादी पक्की कशी करायची, त्यांच्या घरच्यांना विचारायचं का, हसत असलेल्या लोकांना एकदम उभं कसं करायचं आणि मग पुन्हा खाली कसं बसवायचं, हे कुठे सापडलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहितेय. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. ती हॉलमध्ये घ्यायची परवानगी होती, इथे लिहायची मी विचारलेली नाही.

18 मेला रविवारी रात्री आमच्या जुन्या मॉनिटरचा फोन आला. "तू बोलशील का स्वागताला? तुझं मराठी चांगलं होतं." मी पिंपरीला एका कंपनीत हिशेब बघते, माइक कधी हातात धरलेला नाही. पण तेव्हा पाचजण मिळून सगळं उभं करत होते आणि मला दुसरं कुठलं काम जमण्यासारखं नव्हतं. हो म्हटलं.

तारीख ठरवायला दोन आठवडे गेले. आमच्यातले निम्मे शेतीत आहेत. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या धांदलीत कुणी हलत नाही, आणि दिवाळीच्या आधी पगारदार लोकांना रजा नसते. भाऊबीज 23 ला, शाळेला सुट्टी, माहेरवाशिणी गावातच. म्हणून 26 तारीख. तुमच्या बॅचमधल्या मुली सासरी लांब असतील तर भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस सोडू नका. आमच्या 37 जणांमध्ये 16 जणी आल्या, त्या केवळ या तारखेमुळे.

शाळा 16 जूनला उघडली, त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दिला. हॉल वापरायला मिळावा, एवढंच त्यात लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी कळलं की सुट्टीच्या दिवशी शाळा उघडायची तर संस्थेची मंजुरी लागते आणि अर्जात वेळ, अंदाजे माणसं, जेवण कुठे, माइक लावणार का, जबाबदार माणूस कोण, हे सगळं हवं. दुसरा अर्ज 9 जुलैला दिला. मंजुरीचं पत्र 31 जुलैला हातात पडलं: दोन हजार अनामत, पाचशे रुपये वीजखर्च, भिंतीला खिळे मारायचे नाहीत, पाचच्या आत हॉल रिकामा. पहिल्याच अर्जात हे सगळं लिहिलं असतं तर महिना वाचला असता.

त्या दुसऱ्या अर्जाबरोबर मी एक वेगळा कागदही दिला होता, आमच्या वर्गाची यादी मिळावी म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप गटात 39 जण होते आणि बाकीच्यांची नावं प्रत्येकाला वेगवेगळी आठवत होती. कुणी नववीत शाळा सोडून गेलेल्यांना धरत होतं, कुणी मागच्या बॅचच्या मुलांना. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, इतक्या जुन्या हजेऱ्या राहात नाहीत, पण जनरल रजिस्टर कायमचं असतं. त्यावरून त्यांनी नावं उतरवून घेऊ दिली. पत्ते-जन्मतारखा द्यायला नकार दिला आणि ते बरोबरच होतं. दोन तास बसून मी 58 नावं वहीत लिहिली. बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. काही नावं लिहिताना त्या मुलीचा आवाज आधी आठवत होता, चेहरा नंतर.

ती यादी गटावर टाकल्यावर तासाभरात 'हा गेला', 'ही पण गेली', असे निरोप यायला लागले. पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग. रात्रीपर्यंत चार नावं झाली होती. मी ती माझ्या मसुद्यात लिहून टाकली आणि महिनाभर तशीच ठेवली. तिथे माझी चूक झाली.

ऑगस्टमध्ये मी प्रत्येक नावापुढे वर्ष लिहायला घेतलं. तिघांच्या बाबतीत जुळलं. चौथ्याच्या बाबतीत कुणी 2016 म्हणे, कुणी 2020. कुणी अपघात म्हणे, कुणी आजार. विचारत गेले तेव्हा लक्षात आलं की प्रत्यक्ष अंत्ययात्रेला गेलेलं किंवा घरी भेटून आलेलं कुणीच नाही, सगळ्यांनी दुसऱ्याकडून ऐकलेलं. त्याच्या वाडीतल्या किराणा दुकानदाराचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "गेला तो त्याचा चुलतभाऊ. हा सुरतेला असतोय. थांबा, नंबर देतो."

24 ऑगस्टला मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि मला काही क्षण बोलताच येईना. मग खरं ते सांगितलं. तो मोठ्याने हसला. हसून झाल्यावर हळूच म्हणाला, "म्हणजे मला बोलावणारच नव्हता का तुम्ही?" खरंच, गटात त्याला कुणी घेतलंच नव्हतं, कारण सगळ्यांच्या लेखी तो नव्हता. त्या प्रश्नानंतर मी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: घरातल्या माणसाशी किंवा स्वतः अंत्यविधीला गेलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय एकही नाव कागदावर ठेवायचं नाही. गटावर टाकलेल्या श्रद्धांजलीला पुरावा समजायचं नाही.

दुसरं ठरवलं ते घरच्यांना विचारायचं. आमच्या पाचजणांत यावर मतभेद झाले. दोघांचं म्हणणं, इतक्या वर्षांनी कशाला त्यांची जखम उकलायची. मला वाटत होतं, भरल्या हॉलमध्ये त्यांच्या लेकराचं नाव निघणार आणि ते त्यांना दुसऱ्याच कुणाकडून कळणार, हे जास्त वाईट. शेवटी मीच जायचं ठरलं.

यादीतली एक मैत्रीण 2013 मध्ये बाळंतपणात गेली. तिच्या आईला, म्हणजे आम्ही ज्यांना लहानपणापासून काकू म्हणतो त्यांना, भेटायला मी गौरी-गणपतीत गावी होते तेव्हा निघाले होते. उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. घरात गौरी बसलेल्या होत्या. माहेरपणाच्या सणात, मुखवट्यांसमोर हा विषय काढणं मला जमेना. 2 सप्टेंबरला विसर्जन झालं, 3 तारखेला सकाळी गेले. काकूंनी ऐकून घेतलं, आत जाऊन चहा टाकला, आणि कप हातात देताना म्हणाल्या, "तिचं माहेरचं नाव घे. शाळेत तेच होतं." मग म्हणाल्या, "मी आले तर चालंल का? मागं बसते." मी म्हटलं, पुढे बसायचं. त्या नको म्हणाल्या, आणि मी आग्रह केला नाही.

दुसरा मित्र एप्रिल 2021 मध्ये कोरोनात गेला. त्याचे थोरले भाऊ ओगलेवाडीला गॅरेज चालवतात. मी विचारलं, मौन संपताना सहसा ओम शांती म्हणतात, तुम्हाला काय बरं वाटेल? ते स्पॅनर पुसत थोडा वेळ गप्प राहिले. "नुसते गप उभे राहा. प्रत्येकजण आपापलं मनात म्हणेल. आणि नाव पूर्ण घ्या, अब्बांच्या नावासकट." त्या काळात त्याच्या दफनाला घरातली चारच माणसं होती, हेही त्यांनीच सांगितलं. तिसरा 2011 मध्ये हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या वडिलांनी फोनवर फक्त "घ्या, घ्या नाव" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

सप्टेंबरभर मी मसुदा लिहीत होते. पहिला मसुदा मोठ्याने वाचला तेव्हा फोनच्या घड्याळात 14 मिनिटं झाली. डोळ्यांनी वाचताना तो सहा मिनिटांचा वाटत होता. वेळ मोजायची तर उभं राहून, मोठ्याने, हशासाठी थांबून मोजा. माझ्या वेगाने एका मिनिटात शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणून आठ मिनिटांसाठी आठशे शब्द ठरवले आणि उरलेलं कापलं. आधी व्यासपीठावरच्यांच्या नावांची लांबलचक माळ कापली, कारण सूत्रसंचालक ती घेणारच होता. मग सुविचारासारखी सगळी वाक्यं काढली. राहिल्या त्या डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टी: टाकीच्या नळाला तोंड लावून पाणी पिणं, प्रयोगवही पूर्ण करायला रात्री एकाच्या घरी बसलेले अकराजण, 750 पैकी किती पडले ते बघायला गावातून दोन सायकलींवर चौघं कराडच्या सायबर कॅफेत गेले आणि पानच उघडेना तो दिवस.

विनोदांना मी एकच चाळणी लावली. ज्याच्यावर विनोद आहे त्याला आधी वाचून दाखवायचा. बायका-मुलं समोर असणार, आणि पंधराव्या वर्षी चालून गेलेली गोष्ट पस्तिसाव्या वर्षी लेकीसमोर चालेलच असं नाही. एका मैत्रिणीच्या गणितातल्या मार्कांवरचा किस्सा मला फार आवडत होता. तिला वाचून दाखवला तर ती हसली, पण लगेच म्हणाली, "माझी पोरगी यंदा दहावीला आहे गं." तो काढला. जुन्या जोड्या लावणारे किस्से तर विचारायच्या आधीच काढले होते.

जो विनोद राहिला तो घंटेचा. आमच्या वर्गातला एकजण शाळेत टोल द्यायचा. शिपाईमामांनी विश्वासाने काम दिलेलं, आणि तो शेवटच्या तासाचा टोल पाच मिनिटं आधी द्यायचा. आज तो एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. मी लिहिलं होतं, "ज्याने अख्खी शाळा पाच मिनिटं आधी सोडली, त्याच्या हातात आज महामंडळाचं वेळापत्रक आहे." त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ठेव, पण माझ्याकडून गाडी कधी लवकर सुटत नाही, हेपण सांग." ते वाक्यही घेतलं आणि प्रत्यक्षात जास्त हशा त्यालाच मिळाला.

सगळ्यात अडले ते जागेवर. मौन कुठे ठेवायचं? सुरुवातीला ठेवलं तर लोक अजून एकमेकांना ओळखतच असतात, मिठ्या चालू असतात, मन तिथे नसतं. शेवटी ठेवलं तर भाषण तिथेच बुडतं आणि पुढच्या कार्यक्रमाला उठता येत नाही. मी ते पाचव्या मिनिटाला ठेवलं, विनोदांच्या नंतर, पण मध्ये पायरीसारखी तीन वाक्यं घालून. हशा ओसरला की पहिलं वाक्य: "या हॉलमध्ये रोज सकाळी आपण 58 जण रांगेत उभे राहायचो." दुसरं: "मी जुलैमध्ये रजिस्टरवरून ती 58 नावं उतरवली." तिसरं: "त्यातली चार नावं मी आता वाचणार आहे." 'दुःखाने सांगावंसं वाटतं की' वगैरे काही नाही. आवाज हळूहळू उतरवायला ती तीन वाक्यं पुरली.

प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट, तीही अशी की वर्गातल्या कुणालाही दिसेल. विशेषणं नाहीत. मैत्रिणीसाठी लिहिलं, तिच्या कंपासपेटीत कायम दोन खोडरबर असायचे, एक तिचा आणि एक मागणाऱ्यांचा. तिच्या आईला आधी वाचून दाखवलं नव्हतं. ते दाखवायला हवं होतं, असं आदल्या रात्री वाटत राहिलं.

फोटो लावायचे का, यावरही चर्चा झाली. हार घातलेले फोटो दिवसभर व्यासपीठावर राहिले तर त्यांच्याच शेजारी उभं राहून लोकांना गाणी म्हणावी लागणार, शिवाय एकाचा फोटो घरात लग्नातला तेवढाच होता. फोटो लावले नाहीत.

मौन संपवायचं कसं, याचं उत्तर मला शाळेतच मिळालं. मंजुरीचं पत्र घ्यायला गेले तेव्हा व्हरांड्यात तोच जुना टोल, रुळाचा तुकडा, टांगलेला दिसला. ठरलं: एका मिनिटाने टोलचा एक ठोका, आणि तो आमचा वाहतूक नियंत्रकच देणार. घड्याळ त्याच्या हातात, म्हणजे माझं लक्ष वेळेकडे राहणार नाही. दोन मिनिटं ठेवायची नाहीत हेही ठरवलं, कारण मुलं असणार होती.

आणि मग 12 ऑक्टोबर. तोवर गटात न आलेल्या पाचजणांपैकी एकाचा पत्ता लागत नव्हता, त्याच्या मळ्यातल्या घरी मॉनिटर निमंत्रण घेऊन गेला. दारात त्याचा धाकटा भाऊ आला. निमंत्रण हातात घेऊन म्हणाला, "दादा 2019 लाच गेला." वर्गातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. तो मुलगा तीन वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसायचा. सहा वर्षं झाली तरी आमच्यात त्याची साधी विचारपूसही झाली नव्हती. सुरतेच्या मित्राच्या नावावर काट मारून तीन उरली होती, ती पुन्हा चार झाली. त्या रात्री मी त्याच्याबद्दल एक गोष्ट आठवायला बसले आणि बराच वेळ काही आठवेना. शेवटी दोघांना फोन केले, तेव्हा कळलं की शाळेच्या आवारातलं सीताफळीचं झाड त्याने लावलेलं. ते अजून आहे. तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, 13 ऑक्टोबरला, माइकसाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत शाळेच्या पत्राची झेरॉक्स. शाळेचा परिसर शांतता क्षेत्रात येतो, म्हणून बाहेर कर्णे न लावता हॉलमध्ये दोन छोटे स्पीकर घेतले, भाडं दोन हजार. माणशी वर्गणी 700 होती. जेवणाचे 90 ताटांचे 14,400 झाले, आठ शिक्षकांच्या शाली आणि श्रीफळांचे 2,400, खुर्च्या 800. वीज धरून 20,100. जमले 25,900. उरलेले शाळेच्या ग्रंथालयाला दिले.

26 तारखेला सकाळी नऊला मी हॉलमध्ये एकटीने माइकवर वाचून बघितलं. पंखे जोरात फिरत असले की हळू आवाजातली वाक्यं मागे पोचत नाहीत हे तेव्हा कळलं, आणि मॉनिटरला सांगून ठेवलं की चौथ्या मिनिटाला मधले दोन पंखे बंद कर. कागद मोठ्या अक्षरात चार पानांवर छापलेले होते, पाठपोट नाही, प्रत्येक पान वाक्य पूर्ण होईल तिथेच संपवलेलं. चार नावांचं तिसरं पान वेगळं.

अकराला सुरू झालं. पहिलं वाक्य बोलताना माझा आवाज कापला, दुसऱ्यात सावरला. टोलच्या किश्श्यावर आमचे वर्गशिक्षक सर खुर्चीत मागे रेलून हसले. मग मधले पंखे बंद झाले. तीन वाक्यं बोलून झाली तोवर हॉल आपसूक शांत झाला होता. नावं वाचली. सीताफळीच्या वाक्याला मागून कुणीतरी "अरे" म्हणालं. खोडरबराच्या वाक्याला मी मागच्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं गेलं. काकू हसत होत्या, पदर तोंडावर धरून.

उभे राहिलो. एका लहान मुलीने "आई, सगळे गप्प का?" असं विचारलं आणि कुणीच तिला गप्प केलं नाही. एक फोन दोनदा थरथरून थांबला. मग ठोका पडला.

त्यानंतरचं वाक्य मी फार विचार करून साधं ठेवलं होतं: "बसा. पंखे लावा." मग दोन क्षण थांबून आमच्या शिक्षकांचं स्वागत, कारण तिथे सगळ्यांना टाळ्या वाजवता येतात. हात मोकळे झाले की माणसं मोकळी होतात, हे मला शोकसभांमध्ये नेहमी बोलणाऱ्या एका काकांनी सांगितलं होतं. त्यानंतरचं दीड मिनिट सोपं गेलं.

दुपारी वर्गशिक्षक सरांनी हजेरी घेतली. आधी आम्ही त्यांना विचारलं होतं, ती चार नावं वगळायची का. सर म्हणाले, "पटावरून नाव मी कमी करणार नाही." त्यांनी 58 ही नावं घेतली. त्या चार ठिकाणी ते नाव घेऊन श्वासभर थांबले आणि पुढच्या नंबरकडे गेले. सुरतेच्या मित्राचा नंबर आला तेव्हा त्याने इतक्या जोरात "हजर सर" म्हटलं की हॉल दणाणला.

साडेचारला खुर्च्या उचलत होतो तेव्हा काकू जवळ आल्या. म्हणाल्या, "तो कागद देशील का? खोडरबराचा." मी तिसरं पान काढून दिलं. त्यांनी ते चार घड्या करून बटव्यात ठेवलं.

शाळेने अनामत 10 नोव्हेंबरला परत केली. भाषण पाठव म्हणून गटातल्या बऱ्याच जणांनी मागितलंय. पहिलं, दुसरं आणि चौथं पान मी पाठवलंय.